हलत्या स्लाइड कागदावर कशा उतरवायच्या

प्रश्न: मी काटोल-नरखेड पट्ट्यात संत्रा बागायतदारांची प्रशिक्षणं घेतो. ३२ स्लाइडचं पॉवरपॉइंट आहे, त्यात भरपूर अॅनिमेशन आणि पाच व्हिडिओ. पुढच्या कार्यक्रमात प्रोजेक्टर नसेल, म्हणून ६० जणांना छापील प्रत द्यायची आहे. सरळ प्रिंट काढली तर काही स्लाइडवर सगळं एकमेकांवर चढतं आणि व्हिडिओच्या जागी काळे चौकोन येतात. नुसतं वाचून समजेल असं कसं करायचं?

उत्तर:

काळे चौकोन बघून घाबरू नका, ते मीही छापले आहेत, आणि तेही ४० प्रतींमध्ये. नागपुरातल्याच एका संस्थेचं काम होतं. त्यांच्या प्रत्येक व्हिडिओची सुरुवात काळ्या पडद्यावरून हळूहळू उजाडत होती. पॉवरपॉइंट छापताना व्हिडिओचं फक्त मुखचित्र छापतं, आणि तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर ते मुखचित्र म्हणजे बहुतेक वेळा पहिली फ्रेम. पहिली फ्रेम काळी, म्हणून चौकोन काळा. व्हिडिओ हव्या त्या जागी थांबवून Video Format मध्ये Poster Frame, मग Current Frame केलं की काळेपणा जातो. पण त्यानं तुमचं काम होत नाही. ४० सेकंदांच्या व्हिडिओचं एक चित्र म्हणजे पुस्तकाचं मुखपृष्ठ, आत काय लिहिलंय ते त्यावरून कळत नाही. त्याकडे पुढे येतो.

आधी एकमेकांवर चढण्याचं बघू. छपाईला अॅनिमेशनशी काही देणंघेणं नसतं. स्लाइड संपादन करताना जशी दिसते तशीच ती छापते. जी वस्तू तिसऱ्या क्लिकला येणार होती तीही हजर, आणि जी पाचव्या क्लिकला निघून जाणार होती तीही हजर. एखादी वस्तू रेषेवरून सरकत जात असेल तर ती सुरुवातीच्या जागेवरच छापली जाते. रंग बदलणारी वस्तू मूळ रंगात राहते.

यावरून मी कामाची एकच फोड करतो. काही क्लिक जोडणाऱ्या असतात, काही खोडणाऱ्या. जोडणारी क्लिक आधीच्या चित्राला धक्का न लावता त्यात भर घालते. खोडणारी क्लिक आधीचं काहीतरी घालवते, हलवते किंवा बदलते. जोडणाऱ्या क्लिक कितीही असोत, कागदावर एकच पान पुरतं. प्रत्येक खोडणाऱ्या क्लिकला मात्र वेगळी चौकट लागते. ३२ स्लाइडमध्ये खोडणाऱ्या क्लिक सहसा मूठभरच निघतात, म्हणून काम वाटतं तितकं मोठं नसतं.

कुठल्या स्लाइडवर किती अॅनिमेशन आहेत हे डोळ्यांनी मोजत बसू नका. फाइलची प्रत काढा (मूळ फाइलला हात लावू नका, पुढच्या वेळी प्रोजेक्टर मिळेलच), Alt+F11 दाबा, Insert मधून Module घ्या आणि हे चालवा:

```
Sub Mojni()
    Dim s
    For Each s In ActivePresentation.Slides
        Debug.Print s.SlideIndex, s.TimeLine.MainSequence.Count
    Next
End Sub
```

Ctrl+G दाबल्यावर खालच्या खिडकीत स्लाइडचा क्रमांक आणि अॅनिमेशनची संख्या दिसते. ज्यांच्यापुढे शून्य आहे त्या बाजूला काढा. एखाद्या चित्रावर क्लिक केलं की दुसरं उघडतं अशी ट्रिगरची करामत असेल तर ती या मोजणीत येत नाही, ती स्लाइड शो चालवूनच सापडेल.

आता एक गोष्ट करा जी बहुतेक लोक टाळतात. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून समोर बागायतदार बसले आहेत असं धरून पूर्ण शो एकदा बोलून काढा. प्रत्येक क्लिकच्या वेळी तुम्ही काय बोललात ते नंतर ऐकून कागदावर लिहा. स्लाइडवर ‘पाणी व्यवस्थापन’ एवढेच दोन शब्द असतात, बाकी सगळं तुमच्या तोंडी असतं. प्रिंट वाचणाऱ्याला तुमचं तोंड मिळणार नाही. या लिहून काढलेल्या वाक्यांतूनच पुढचे सगळे मथळे आणि ओळी निघतात, नव्यानं काही रचावं लागत नाही.

तुमच्यासारख्याच एका प्रशिक्षकाचं काम मी केलं होतं, त्यातलीच एक स्लाइड घेतो. विषय डिंक्या रोगाचा. आळ्यातलं पाणी खोडाला लागून राहिलं की जमिनीतली फायटोफ्थोरा बुरशी खोडावर चढते, म्हणून दुहेरी आळं करायचं. स्लाइडवर सात क्लिक होत्या. झाड आलं. त्याच्या बुंध्याभोवती निळं पाणी आलं. त्यावर लाल फुली आली. मग फुली आणि पाणी दोन्ही गेले. दोन वर्तुळं आली. मधल्या चरीत पाणी आलं. शेवटी पाण्याचा एक थेंब त्या चरीतून गोल फिरला. पडद्यावर झकास. छापल्यावर मात्र बुंध्याजवळचं पाणी, फुली, दोन्ही वर्तुळं आणि चरीतलं पाणी एकावर एक, आणि फुली नेमकी बरोबर पद्धतीच्या डोक्यावर. वाचणाऱ्यानं त्याचा अर्थ ‘दुहेरी आळं करू नका’ असाच घेतला असता. सरळ प्रिंटचा खरा धोका हा आहे. गचाळ पान लोक बाजूला ठेवतात, पण उलटा अर्थ सांगणारं पान ते पाळतात.

सातपैकी खोडणाऱ्या क्लिक दोनच. चौथी, जिथे चुकीचं चित्र गेलं, आणि सातवी, जिथे थेंब हलला. चौथ्या क्लिकसाठी स्लाइडचे दोन भाग केले. Ctrl+D नं स्लाइडची दुसरी प्रत केली, Alt+F10 नं Selection Pane उघडला आणि एका प्रतीतून चुकीच्या पद्धतीच्या वस्तू काढल्या, दुसरीतून बरोबर पद्धतीच्या. मग दोन्ही चित्रं लहान करून एकाच पानावर शेजारी मांडली. दोन वेगळ्या पानांवर ठेवली नाहीत, कारण पडद्यावर नजर आधीच्या चित्रावरून नव्या चित्रावर आपोआप जाते, कागदावर मात्र पान उलटलं की आधीचं विसरलं. तुलना करायची असेल तर दोन्ही एका नजरेत हवेत. डावीकडे ‘असं नको’, उजवीकडे ‘असं हवं’, आणि झाड दोन्हीकडे तेच, त्याच आकाराचं, म्हणजे फरक फक्त पाण्याचा दिसतो.

फिरणाऱ्या थेंबाच्या जागी चरीत तीन छोटे वळणदार बाण काढले, एका दिशेनं जाणारे. बाण एकच काढला तर पाणी तिथून बाहेर सोडायचं आहे असं वाटतं. मथळा ‘पाणी व्यवस्थापन’ होता, तिथे रेकॉर्डिंगमधलं वाक्य जसंच्या तसं आलं: ‘पाणी दोन वर्तुळांच्या मधल्या चरीत सोडा, खोड कोरडं राहू द्या.’

मृग आणि आंबिया बहाराचं वेळापत्रक हे जोडणाऱ्या क्लिकचं उदाहरण. बारा महिन्यांच्या पट्टीवर आधी ताण, मग फुलोरा, मग तोडणी अशा पट्ट्या एकेक करून येतात. काहीच खोडलं जात नाही. अशी स्लाइड जशी आहे तशी छापा, फक्त वाचायचा क्रम कळावा म्हणून पट्ट्यांवर १, २, ३ टाका.

PPspliT नावाचं मोफत अॅड-इन आहे, ते प्रत्येक क्लिकची वेगळी स्लाइड करून देतं. मी ते वापरतो, पण फक्त सुरुवातीला. ३२ स्लाइडच्या सव्वाशे होतात, आणि कुठल्या टप्प्यावर काय दिसत होतं ते समोर येतं. त्यातून खोडणाऱ्या क्लिकच्या आधीची आणि शेवटची एवढ्याच ठेवायच्या. तो सव्वाशे पानांचा गठ्ठा तसाच छापून देणारे लोकही मी पाहिलेत. एकच चित्र आठ पानं, दर पानावर एक ओळ जास्त. चौथ्या पानानंतर कोण वाचतंय?

आता व्हिडिओ. संत्र्याचा डोळा भरण्याचा व्हिडिओ घेऊ, ४८ सेकंदांचा. तो पॉवरपॉइंटच्या आतच असेल तर फाइलच्या प्रतीचं नाव बदलून .pptx च्या जागी .zip करा आणि उघडा, ppt/media या फोल्डरात सगळे व्हिडिओ मूळ रूपात मिळतात. ते व्हॉट्सअॅपवरून आलेले असतील तर ज्यानं शूटिंग केलं त्याच्याकडून मूळ फाइल मागवा. कारण हिशेबाचं आहे. ९ सेंमी रुंदीच्या छापील चौकटीला साधारण ९०० पिक्सेल लागतात. १९२० पिक्सेल रुंद व्हिडिओतून हाताजवळचा अर्धा भाग कापून घेतला तरी ९६० उरतात. ६४० रुंदीच्या व्हॉट्सअॅपी व्हिडिओतून अर्धा कापला तर ३२०, आणि चाकूचं टोक कुठे आणि सालीची कड कुठे हे कागदावर ओळखू येत नाही.

व्हिडिओ आवाज बंद करून बघा आणि हात कुठे कुठे थांबतो त्या वेळा लिहा. चौकट निवडताना लोक क्रिया चालू असतानाची फ्रेम घेतात, चाकू सालीतून जातोय तेव्हाची. ती जवळजवळ नेहमी वाईट निघते. हात हलत असल्यानं ती धूसर असते आणि नेमकी जागा चाकूनं किंवा अंगठ्यानं झाकलेली असते. क्रिया संपल्यावर हात क्षणभर बाजूला होतो, तो क्षण पकडा. खाच घेताना दाखवू नका, घेतलेली खाच दाखवा. क्रिया बाण आणि क्रियापद मिळून सांगतात.

तो क्षण हातानं पकडायला जमत नाही, म्हणून मी त्या वेळेच्या आसपासच्या दोन सेकंदांतून दहा फ्रेम काढून घेतो आणि त्यातली सगळ्यात स्पष्ट ठेवतो:

```
ffmpeg -ss 00:00:14 -t 2 -i dola.mp4 -vf fps=5 dola-%02d.png
```

कमांड नको असेल तर व्हीएलसीमध्ये व्हिडिओ थांबवून E दाबत एकेक फ्रेम पुढे जा आणि Shift+S नं चित्र साठवा.

त्या ४८ सेकंदांतून पाच चौकटी निघाल्या. पहिलीत जंभेरीचा खुंट, पेन्सिलीएवढा जाड, जमिनीपासून २० ते २५ सेंमी उंचीवर टी आकाराची खाच घेतलेली. दुसरीत कलमकाडीवरून काढलेला डोळा, देठाच्या तुकड्याला धरलेला. तिसरीत डोळा सालीखाली सरकवलेला. चौथीत पॉलिथीनची पट्टी गुंडाळलेली. पाचवीत सुमारे तीन आठवड्यांनंतरचा हिरवा डोळा.

ही मांडताना तीन जागी अडचण आली.

उंची हा पहिला घोटाळा. व्हिडिओत कॅमेरा जमिनीपासून वर सरकत खाचेपाशी येतो, त्यामुळे उंची आपोआप कळते. जवळून कापलेल्या फ्रेममध्ये जमीनच नाही. म्हणून पहिल्या चौकटीच्या कोपऱ्यात लांबून घेतलेली एक छोटी फ्रेम लावली, खुंट जमिनीसकट, बाजूला उभी रेघ आणि ‘२० ते २५ सेंमी’. कॅमेरा सरकतो किंवा जवळ जातो तिथे तो काहीतरी मोजमाप सांगत असतो, आणि ते कागदावर आकड्यानं भरून काढावं लागतं.

दुसरी अडचण काळाची. चौथ्या आणि पाचव्या चौकटीच्या मधे व्हिडिओत एक चित्र विरघळून दुसरं येतं. बघणाऱ्याला त्यातून ‘काही दिवस गेले’ हे समजतं. कागदावर पाच चौकटी ओळीनं लावल्या तर पाचवं काम पट्टी बांधल्यावर लगेच करायचं असं वाटतं. तिथे चौकटींच्या मधे उभी तुटक रेघ मारून त्यावर ‘सुमारे ३ आठवडे’ असं लिहिलं. तुमच्या पाचही व्हिडिओत असं कुठे विरघळतंय ते शोधा, प्रत्येक जागी कालावधी लिहावाच लागेल.

तिसरी अडचण सुटली नाही. साल खुंटापासून मोकळी सुटते आहे की चिकटली आहे, हे व्हिडिओत चाकूच्या पाठीनं साल उचलताना एका क्षणात दिसतं. स्थिर चित्रात ते उतरत नाही, मी बऱ्याच फ्रेम घेऊन पाहिल्या. शेवटी ‘साल सहज उचलली जात नसेल तर त्या खुंटावर डोळा भरू नका’ एवढं वाक्य लिहिलं आणि प्रशिक्षकांना सांगितलं, की हे प्रत्यक्ष खुंटावरच दाखवा. जोर किती लावायचा, वेग किती ठेवायचा, आवाज कसा यायला हवा, या गोष्टी कागदावर येत नाहीत. त्यांच्यासाठी चित्रांची संख्या वाढवत नेण्यात अर्थ नाही.

चौकटींच्या खालची ओळ आज्ञार्थी ठेवा: ‘खाच घ्या’, ‘देठ धरून डोळा सरकवा’. सगळ्या चौकटी एकाच अंतरावरून कापा आणि खुंट सगळीकडे उभाच राहू द्या. एका फ्रेममध्ये खुंट आडवा आणि दुसरीत उभा असेल तर वाचणारा आधी चित्र फिरवण्यातच अडकतो. व्हिडिओचा क्यूआर कोड द्यायचा तर द्या, २ सेंमीपेक्षा लहान नको आणि भोवती पांढरी जागा सोडा. ड्राइव्हवरची लिंक दुसऱ्याच्या मोबाइलवरून उघडून बघा, परवानगी द्यायची राहिलेली असते. पण पान कोडावर टेकलेलं नको, शेतात नेटवर्क असेलच असं नाही.

कागदाचं माप मात्र या सगळ्याच्या आधी, प्रत काढल्या काढल्या ठरवा. रुंद स्लाइड ए-४ वर आडवी छापली की उंचीत ४ सेंमीहून थोडी जास्त जागा रिकामी राहते. Design मध्ये Slide Size ए-४ करा आणि विचारेल तेव्हा Ensure Fit घ्या. सगळा मजकूर प्रमाणात लहान होतो आणि वर-खाली पट्टा मोकळा होतो. तुमच्या तोंडची वाक्यं त्याच पट्ट्यात बसतात. शिवाय ए-४ स्लाइडवर लिहिलेला अक्षराचा आकार कागदावर जवळपास तेवढाच उतरतो, त्यामुळे १४ पॉइंट ठरवले की साधारण १४च मिळतात. कागद वाचवायला एका पानावर दोन स्लाइड घ्याल तर मूळच्या १८ पॉइंटची अक्षरं ९ वर येतील. वेलांट्या-रफारासकट ९ पॉइंटची देवनागरी, त्यात वाचणारा साठीचा आणि चष्मा घरी. नको.

काळी पार्श्वभूमी पांढरी करा. पडद्यावर ती देखणी दिसते, पण झेरॉक्समध्ये टोनरचे पट्टे पडतात आणि पेननं टिपण करायला जागा उरत नाही. सगळं रंगीत छापणं परवडणार नसेल तर लक्षात ठेवा, कृष्णधवल छपाईत लाल आणि हिरवा जवळजवळ एकाच करड्या रंगाचे होतात. म्हणून चूक-बरोबर हे रंगानं नको, फुलीनं आणि बरोबरच्या खुणेनं दाखवा. आमच्या कामात डोळा भरण्याचं आणि रोगाच्या लक्षणांचं अशी चारच पानं रंगीत केली, बाकी कृष्णधवल.

नागपुरात बर्डीवर छापायला जाताना पीडीएफ न्या, पॉवरपॉइंटची फाइल नको. तिथल्या संगणकावर तुमचा फाँट नसला की जोडाक्षरं फुटतात आणि घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. पीडीएफ काढताना लपवलेल्या स्लाइड त्यात येतात का तेही Options मध्ये बघून घ्या. पाठपोट छापून डाव्या बाजूला पिना मारणार असाल तर आडव्या पानासाठी Flip on short edge सांगा, नाहीतर प्रत्येक दुसरं पान उलटं येतं.

६० प्रती टाकण्याआधी एकच प्रत काढा आणि तुमचं भाषण कधीच न ऐकलेल्या माणसाला द्या. त्याला ‘समजलं का’ विचारू नका, तो हो म्हणेल. पान समोर ठेवून ‘आता काय काय करशील ते सांग’ म्हणा आणि गप्प बसा. तो जिथे अडखळेल तिथे तुमची एखादी क्लिक हरवलेली असते. मी ती प्रत कळमेश्वरच्या मावसभावाला दिली होती. तो पहिल्या तीन चौकटी घडाघडा बोलला आणि चौथीवर बोट ठेवून म्हणाला, “पट्टी बांधाची हे समजलं, पण मले सांग, डोया उघडा ठेवाचा का झाकाचा?” व्हिडिओत डोळा पट्टीच्या दोन वेढ्यांमधून बाहेर डोकावत होता. मी निवडलेल्या फ्रेममध्ये त्याच्यावर अंगठा आला होता. दोन सेकंद पुढची फ्रेम घेतली, डोळ्याकडे बाण काढला, खाली ‘डोळा उघडा ठेवा’ लिहिलं आणि मग छपाईला दिलं.